आधी वीज, मग साखर

साखर कारखान्यात शेवटच्या मिलमधून जो ओलसर, तंतुमय भुसा बाहेर पडतो त्याला बगॅस म्हणतात. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. हाताला तो जवळजवळ कोरडा लागतो, पण त्याच्या वजनाचा निम्मा भाग पाणी असतो. उरलेल्या निम्म्यात बहुतेक तंतू असतात आणि कितीही दाबले तरी न सुटणारी दोनेक टक्के साखर असते. गुऱ्हाळात हेच चिपाड उन्हात वाळवून चुलवाणात घालतात आणि वरच्या काहिलीत रस आटवतात. कारखान्यातही रस आटवायचा असतो आणि इंधनही तेच असते. फरक एवढाच की कारखान्यात जाळ थेट रसाखाली घालत नाहीत. जाळाने पाण्याची वाफ होते, वाफेने रस आटतो. जाळ आणि रस यांच्यामध्ये ही वाफ आली म्हणूनच वाटेत तिच्याकडून आणखी एक काम करून घेता येते. ते काम म्हणजे वीज तयार करणे.

बगॅस किती उष्णता देईल, हे सर्वांत आधी त्यातल्या पाण्यावर ठरते. भट्टीत गेल्यावर या पाण्याची वाफ होते आणि ती धुरासोबत चिमणीतून निघून जाते. पाण्याची वाफ करायला लागलेली उष्णता तिच्याबरोबर जाते, ती परत मिळत नाही. ५० टक्के ओलाव्याच्या एक किलो बगॅसपासून, हा तोटा वजा जाता, साधारण १८०० किलोकॅलरी हाती लागतात. ओलावा ४८ टक्क्यांवर आला तर त्या १९०० च्या घरात जातात आणि ५२ टक्क्यांवर गेला तर १७०० वर येतात. ओलाव्यातला दोन टक्क्यांचा फरक उष्णतेत पाच टक्क्यांहून अधिक दिसतो. म्हणजे बॉयलरची निम्मी लढाई बॉयलरपासून लांब, शेवटच्या मिलपाशी लढली जाते. रोलरवरचा दाब कमी पडला किंवा रोलरच्या खाचा झिजल्या की बगॅस ओला निघतो. शिवाय तंतूंत अडकलेली साखर धुऊन काढण्यासाठी मिलवर गरम पाणी सोडावे लागते. त्याला इंबिबिशन म्हणतात. ते वाढवले की साखर अधिक सुटते, पण पुढे आटवायचे पाणीही वाढते. साखरेचा उतारा सांभाळणारा केमिस्ट आणि वाफ सांभाळणारा इंजिनिअर यांच्यात या पाण्यावरून रोज ताणाताणी चालते, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

मिलमधून निघालेला बगॅस कॅरिअरवरून थेट बॉयलरच्या तोंडाशी जातो. तिथे फिरते ड्रम त्याला मापाने खाली सोडतात आणि हवेचा झोत त्याला भट्टीभर उधळतो. बारीक, हलके कण हवेत तरंगता तरंगताच पेटतात. जड तुकडे खाली जाळीवर पडून जळतात. आधुनिक बॉयलरमध्ये ही जाळी पट्ट्यासारखी सावकाश पुढे सरकते आणि टोकाला राख खाली टाकते. बगॅस नीट जळायला हिशेबाने लागते त्यापेक्षा तीसेक टक्के जास्त हवा द्यावी लागते. हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळते आणि धूर काळा होतो. हवा जास्त झाली तर तीच फुकट तापून उष्णता घेऊन चिमणीतून बाहेर पडते. बगॅसची राख दीड ते तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या मानाने फारच थोडी असते, आणि गंधक जवळजवळ नसतेच. पण पावसात तोडलेल्या उसाबरोबर शेतातली माती येते तेव्हा हा हिशेब बिघडतो. ती माती भट्टीत राखेचे ढीग करते आणि धुरासोबत वाहताना बॉयलरच्या नळ्या वाळूच्या कागदासारख्या घासते.

ओला बगॅस आल्याचे भट्टीपाशी उभ्या माणसाला प्रयोगशाळेच्या आधी कळते. प्रयोगशाळेत नमुना वाळवून तोलायला वेळ लागतो, भट्टीची खिडकी मात्र लगेच सांगते. एरवी आत पिवळाधमक, झगझगीत जाळ असतो. तो लालसर आणि मंद होतो, जाळीवर न जळलेले काळे ढिगारे दिसू लागतात, आणि वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू खाली सरकतो. यानंतरचा धोका अधिक मोठा. वाफ कमी पडली की मिल मंदावते, मिल मंदावली की बगॅस कमी येतो, आणि बगॅस कमी आला की वाफ आणखी पडते. ही साखळी तोडण्यासाठी अंगणात कोरड्या बगॅसचा साठा ठेवलेला असतो. परतीच्या कॅरिअरवरून तो बॉयलरकडे वळवतात आणि दाब पूर्ववत आला की पुन्हा मिलचा ताजा बगॅस सुरू करतात. मिल काही कारणाने तास-दोन तास बंद पडली तरी हाच साठा बॉयलर चालू ठेवतो.

भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या रांगा. त्या नळ्यांत पाणी उकळते आणि वाफ वरच्या ड्रममध्ये जमते. ही वाफ ओलसर असते, म्हणून तिला सुपरहीटरच्या नळ्यांतून पुन्हा तापवून कोरडी, कडक करतात. धुरात उरलेल्या उष्णतेने आत येणारे पाणी आणि हवा आधीच गरम करून घेतात, आणि धूर साधारण १५० अंशांना चिमणीत जातो. एवढे करूनही ओलाव्यामुळे बगॅसमधल्या एकूण उष्णतेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भागच वाफेत उतरतो. एक किलो बगॅसपासून सुमारे २.२ किलो वाफ मिळते.

जुन्या कारखान्यांतही वाफ साधारण एवढीच मिळत असे. तरीही त्यांच्याकडे विकायला वीज नव्हती. कारण वाफेच्या दाबात होते. त्या काळचे बॉयलर २१ किलोचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचे असत आणि वाफेचे तापमान ३४० अंशांच्या आसपास असे. या वाफेवर मिल फिरवणारी छोटी टर्बाइन आणि पॉवर हाउसचे टर्बाइन चालत. तिथून बाहेर पडलेली वाफ रस आटवायला जाई. अशा वाफेतून एक मेगावॉट तासाची, म्हणजे १००० युनिट वीज काढायची तर १२ ते १३ टन वाफ लागे. मिळालेली शक्ती कारखान्याच्याच कामी संपे. बगॅस मात्र उरला तर अडचण होई. तो ठेवायला जागा लागे आणि आगीची भीती असे. त्यामुळे बगॅस वाचवण्यापेक्षा तो हंगामातच संपवणे सोयीचे ठरे, आणि कारखान्यांची रचनाही तशीच केलेली असे.

हे चित्र १९९० नंतर बदलू लागले. केंद्र सरकारने १९९४ मध्ये बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, राज्यांची वीज मंडळे कारखान्यांची वीज घेऊ लागली, आणि ४५, ६७, ८७ व पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर आले. दाब आणि तापमान वाढवायला इंधन फार जास्त लागत नाही. पाण्याची वाफ करण्यातच बहुतेक उष्णता खर्ची पडते, आणि ती कमी दाबालाही द्यावीच लागते. पण ६७ किलो आणि ४८५ अंशांची वाफ चांगल्या टर्बाइनमधून सोडली तर एका मेगावॉट तासासाठी साधारण सहा टन वाफ पुरते. तोच ऊस, तोच बगॅस, जवळपास तेवढीच वाफ आणि वीज मात्र दुप्पट.

या वाफेचे टर्बाइनमध्ये काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ६७ किलोच्या एक किलो वाफेत सुमारे ८०० किलोकॅलरी उष्णता असते. टर्बाइनच्या पात्यांवरून जाताना ती फुगते, थंड होते आणि पाती फिरवते. पात्यांच्या दांड्याला जनरेटर जोडलेला असतो. वाफेचा दाब दीड किलोपर्यंत उतरला की तिला टर्बाइनमधून काढून घेतात. या प्रवासात तिने विजेसाठी दिलेली उष्णता साधारण १५० किलोकॅलरीच असते. उरलेल्या ६५० तिच्यातच असतात. ही झाली एक्झॉस्ट वाफ. तिचे तापमान सव्वाशे अंशांच्या जरा वर असते. पाती फिरवण्याच्या दृष्टीने तिच्यात आता थोडाच दम उरलेला असतो, पण रस उकळायला नेमकी हीच वाफ हवी असते. रसाच्या नळ्यांभोवती ती थंड होऊन पुन्हा पाणी बनते तेव्हा दर किलोमागे ५२० किलोकॅलरी रसाला देते. उलट फार तापलेली वाफ रसाला लावली तर साखर करपते आणि रंग बिघडतो. विजेला दाब हवा, साखरेला उष्णता हवी. आधी दाब विजेला आणि मग उष्णता साखरेला, असा क्रम लावणे म्हणजेच सहवीजनिर्मिती.

हा क्रम नसेल तर काय होते, हे फक्त वीज करणाऱ्या औष्णिक केंद्रात दिसते. तिथे वाफ टर्बाइनमधून कंडेन्सरमध्ये, जवळजवळ निर्वात पोकळीत सोडतात. त्यामुळे वीज अधिक निघते आणि याच ६७ किलोच्या वाफेला मेगावॉट तासाला चारच टन पुरतात. पण एका किलोतल्या ८०० पैकी ५०० हून अधिक किलोकॅलरी कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून द्याव्या लागतात, कारण चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या त्या उष्णतेला गिऱ्हाईक नसते. साखर कारखान्यात उष्णतेचे गिऱ्हाईक दाराशीच उभे असते.

ताशी २०० टन, म्हणजे दिवसाला पाच हजार टनांच्या जवळपास ऊस गाळणारा कारखाना घेऊन हा हिशेब मांडता येतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. ताशी ५५ टन बगॅस बॉयलरला मिळाला तर १२० टन वाफ तयार होते. रस तापवणे, आटवणे आणि पॅनमध्ये साखरेचे दाणे धरणे, या सगळ्याला मिळून उसाच्या वजनाच्या ४५ टक्के, म्हणजे ९० टन वाफ लागते. ही ९० टन वाफ टर्बाइनमधून जाताना १५ मेगावॉट वीज देते. उरलेली ३० टन शेवटपर्यंत, कंडेन्सरपर्यंत जाते आणि साडेसात मेगावॉट देते. एकूण साडेबावीस मेगावॉट झाले. मिल, पंप, सेंट्रिफ्युगल आणि बॉयलरचे मोठाले पंखे यांना आठेक मेगावॉट लागतात. बाकीचे साडेचौदा मेगावॉट महावितरणच्या तारांवर जातात. चोवीस तासांत हे साडेतीन लाख युनिटच्या घरात जाते. आता याच कारखान्याला वाफ ४५ ऐवजी ५५ टक्के लागली असती तर कंडेन्सरकडे दहाच टन उरली असती आणि विकायची वीज दीड-पावणेदोन मेगावॉटने घटली असती. वरवर हा फरक लहान वाटतो, कारण रसाकडे गेलेली वाफही जाता जाता वीज देतेच. पण १६० दिवसांच्या हंगामात ती साठ लाख युनिटच्या आसपास भरते.

म्हणून सहवीज प्रकल्पाचा नफा पॉवर हाउसइतकाच रस आटवण्याच्या विभागात ठरतो. २०० टन उसापासून पाण्यासह साधारण २१० टन रस निघतो. त्यातले दीडशे टनांहून अधिक पाणी उडवले की पाक तयार होतो. हे पाणी थेट वाफेवर उडवायचे तर जवळपास तेवढीच वाफ लागेल. ती लागत नाही, याचे श्रेय न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याला जाते. १८४३ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळते. दुसऱ्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथला रस कमी तापमानाला उकळतो. अशी पाच भांडी ओळीने लावली की एक टन वाफ पाच टनांच्या जवळपास पाणी उडवते. रस तापवायला आणि पॅनला ताजी एक्झॉस्ट वाफ न देता याच मधल्या भांड्यांतली वाफ काढून दिली की बचत आणखी वाढते. या मार्गाने वाफेचा खप ४० टक्क्यांच्याही खाली आणलेले कारखाने आहेत.

वाफ रसाला उष्णता देऊन पाणी बनली की ते पाणी बॉयलरकडे परत येते. इथे एक जुनी सवय महागात पडते. कमी दाबाचे बॉयलर थोडेफार अशुद्ध पाणी खपवून घेत. ६७ किलोच्या बॉयलरला ते चालत नाही. आटवण्याच्या भांड्यातली एखादी नळी गळू लागली तर रस या पाण्यात मिसळतो. बॉयलरच्या तापमानाला साखरेचे विघटन होऊन आम्ल तयार होते, ड्रममध्ये फेस येतो आणि वाफेबरोबर उडालेले मळकट थेंब सुपरहीटरच्या नळ्यांत आणि टर्बाइनच्या पात्यांवर थर धरतात. म्हणून पाण्याची तपासणी सारखी चालू असते. परीक्षानळीत पाण्याचा नमुना घेऊन त्यात अल्फा-नॅफ्थॉलच्या द्रावणाचे थेंब टाकतात आणि नळीच्या कडेने तीव्र गंधकाम्ल हळूच सोडतात. आम्ल तळाशी जाऊन बसते. पाण्यात साखरेचा अंश असेल तर दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे उमटते. कडे दिसले की ते पाणी तत्काळ गटारीला सोडायचे आणि बॉयलरला डीएम प्लँटचे क्षारमुक्त पाणी द्यायचे, यात दिरंगाई चालत नाही. काही मिनिटांच्या ढिलाईने आठवडाभराचे गाळप अडकू शकते.

वाफेची मागणी कधीच एका ठिकाणी स्थिर राहत नाही, ही दुसरी अडचण. पॅनचे काम घाण्याघाण्याने चालते. एकाच वेळी दोन-तीन पॅन सुरू झाले की वाफ एकदम ओढली जाते, आणि उतरवले की मागणी पडते. जुन्या कारखान्यांत अशा वेळी जास्तीची वाफ आवाज करत हवेत सुटे. आता टर्बाइनमधून वाफ काढून घेण्याची झडप त्या प्रमाणात उघडते-मिटते आणि उरलेली वाफ कंडेन्सरकडे वळते. अर्थात यालाही मर्यादा आहे. रसाकडची मागणी फार वाढली तर कंडेन्सरकडची वाफ किमान पातळीवर येते आणि वीज कमी करावी लागते. पॅनवरच्या माणसांनी घाणे एकामागून एक, अंतर ठेवून घेतले तर तारांवरची वीज स्थिर राहते.

गळीत हंगाम संपला की रसाचे गिऱ्हाईक जाते. महाराष्ट्रात हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉयलरच्या अग्निप्रदीपनानंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यानंतर शिल्लक बगॅसवर काही आठवडे नुसती वीज करता येते, पण सगळी वाफ कंडेन्सरकडे जाते. एक टन बगॅसपासून तेव्हा ५५० च्या आसपास युनिट निघतात आणि इंधनातल्या उष्णतेचा पाचवा हिस्साच विजेत उतरतो. हंगामात रसाकडे जाणाऱ्या वाफेचा विचार केला तर वीज आणि उष्णता मिळून हाच हिस्सा साठ टक्क्यांच्या वर असतो. शिवाय बगॅस साठवणे जिकिरीचे आहे. उरलेल्या साखरेमुळे ढिगात किण्वन होते, ढीग आतून तापतो आणि कधी आपोआप पेट घेतो. बुरशी आलेल्या बगॅसची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर कामगारांना बगॅसोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होतो. त्यामुळे ढिगावर काम करणाऱ्यांच्या तोंडावर मास्क असायलाच हवा.

बगॅस संपल्यावर उसाचे पाचट जाळावे, असेही सुचवले जाते. पाचटात उष्णता भरपूर असते, पण पोटॅश आणि क्लोरीनही जास्त असतात. त्यांची राख कमी तापमानाला वितळते, सुपरहीटरच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटते आणि धुराची वाट अडवते. बगॅसमध्ये थोडे पाचट मिसळता येते. निव्वळ पाचटावर चालायचे तर त्यासाठी बॉयलरच वेगळा लागतो. आणि शेतातले पाचट जमिनीतच कुजवणे शेतकऱ्याच्या जास्त फायद्याचे असू शकते.

अलीकडे शिल्लक बगॅसला दुसरे गिऱ्हाईकही मिळाले आहे. इथेनॉलच्या डिस्टिलरीला वाफ लागते, आणि तिचे सांडपाणी घट्ट करून जाळणाऱ्या बॉयलरला जोडीला बगॅस लागतो. कागद कारखानेही तो विकत घेतात. सुरुवातीच्या वीज खरेदी करारांची मुदत संपल्यानंतर नवे दर स्पर्धात्मक बोलीतून ठरू लागले आणि ते खाली आले. हंगामात रसासाठी लागणारी वाफ करावीच लागते, तेव्हा तिच्यातली वीज सोडून देण्यात अर्थ नाही. प्रश्न उरतो तो कंडेन्सरकडे जाणाऱ्या वाफेचा. एका टनाच्या ५५० युनिटमधून प्रकल्पाचा स्वतःचा खप वजा जाता ५०० च्या आसपास विकता येतात. युनिटला पाच रुपये धरले तर टनाला अडीच हजार रुपये होतात. बाजारात बगॅसला त्यापेक्षा जास्त भाव असेल तर कारखाना कंडेन्सरकडची वाफ कमी करतो आणि वाचलेल्या बगॅसच्या गाठी बांधून विकतो.